न दुखणारी दाढ आणि दवाखान्याचे पत्र

प्रश्न : वय ५१. दोन वर्षांपूर्वी हिरड्यांचा आजार निघाला आणि भूल देऊन चार बैठकांत खोल सफाई झाली. नंतर दर तीन महिन्यांनी यायला सांगितले होते. दोनदा गेलो, मग चौदा महिने गेलोच नाही. आता दवाखान्याचे पत्र आले आहे : ‘आपल्या देखभालीच्या चार भेटी चुकल्या आहेत. शेवटच्या नोंदीत वरच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मागच्या बाजूस ६ मिलिमीटर आणि खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जिभेकडील बाजूस ५ मिलिमीटर खोली होती. आपला आजार नियंत्रणात आला होता, तो कायमचा बरा झालेला नाही.’ मला काही दुखत नाही, रक्त येत नाही, दोन वेळा ब्रश करतो. मधे दुसऱ्या दवाखान्यात एकदा दात साफ करून घेतले, तेथे ‘सगळे छान आहे’ म्हणाले. दिवसाला चार-पाच सिगारेटी होतात. हे पत्र म्हणजे पेशंट परत आणण्याची युक्ती तर नाही? आणि इतक्या दिवसांनी गेलो तर बोलणी खावी लागतील, याचाही संकोच वाटतो.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे, कारण ‘बरेच दिवसांत आला नाहीत, जरूर या’ एवढाच मजकूर असलेली पत्रे पुष्कळ दवाखाने सरसकट सगळ्यांना पाठवतात आणि त्यांचा उद्देश ओळखायला फार विचार करावा लागत नाही. आपल्याला आलेले पत्र त्या जातीचे नाही. त्यात दोन दाढा, त्यांच्या नेमक्या बाजू आणि मिलिमीटरमधील आकडे आहेत, म्हणजे ते लिहिणाऱ्याने आपली फाइल उघडून पाहिली आहे. माझे मत स्पष्ट आहे : आपण लवकरात लवकर वेळ घ्यावी, मात्र दात साफ करून घेण्यासाठी म्हणून नव्हे, तर सर्व दातांची नव्याने मोजणी करून घेण्यासाठी. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या फरकातच आहे.

पत्रातले आकडे कशाचे, ते आधी पाहू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच असते आणि निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. हिरड्यांच्या आजारात दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, आतले हाड झिजते आणि ती खाच खोल होत जाते. तिलाच दवाखान्यात पॉकेट म्हणतात. खुणा केलेली एक बारीक बोथट सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून ही खोली मोजतात. २८ दात असतील तर १६८ नोंदी होतात. आपल्या पत्रात दोनच जागांचा उल्लेख आहे, याचा अर्थ उपचार बहुतांश ठिकाणी यशस्वी झाला असावा आणि या दोन जागा हट्टाने मागे राहिल्या असाव्यात. हे अपयश नव्हे. खोल सफाईनंतर एखाद-दुसरे खोल पॉकेट उरणे नेहमीचे आहे, विशेषतः दाढांमध्ये.

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात. हिरडीखाली साधारण चार-पाच मिलिमीटर गेल्यावर ही मुळे जेथून एकमेकांपासून फुटतात, त्या फाट्याचे एक तोंड बरोबर मागच्या बाजूस, म्हणजे शेजारच्या दाढेकडे, उघडते. पुष्कळ दाढांत हे तोंड सफाईच्या उपकरणाच्या पात्यापेक्षाही अरुंद असते. सहा मिलिमीटरची खोली त्या जागी असेल, तर पॉकेटचा तळ फाट्यापर्यंत पोहोचला असण्याची दाट शक्यता असते, आणि म्हणूनच पत्रातल्या दोन आकड्यांपैकी मला या आकड्याची अधिक काळजी वाटते. खालच्या दाढेची ५ मिलिमीटरची जागा त्या मानाने सोपी आहे. मात्र जिभेकडील बाजू असल्याने तेथे ब्रश बहुधा घाईने फिरतो.

आता तीन महिन्यांच्या मुदतीविषयी. ती दवाखान्याच्या सोयीने ठरलेली नसते. खोल सफाईत पॉकेटमधील जीवाणूंचा थर आणि मुळाला चिकटलेले कीटण काढले जाते, पण तोंड निर्जंतुक होत नाही आणि होऊही शकत नाही. मुळाच्या खडबडीत पृष्ठभागावर, फाट्याच्या आत, जिभेवर आणि लाळेत जीवाणू उरतातच. उथळ खाचेत ते परत आले, तरी ब्रश त्यांना रोज हलवतो. खोल पॉकेटमध्ये त्यांना कोणी त्रास देत नाही, तेथे हवा पोहोचत नाही, आणि हाडाला उपद्रव देणाऱ्या जातींना नेमके हेच मानवते. सफाईनंतर साधारण दोन ते तीन महिन्यांत अशा पॉकेटमधील जीवाणूंची वस्ती बऱ्याच रुग्णांमध्ये उपचारापूर्वीच्या रूपाकडे परत जाऊ लागते. ती पूर्ण जमण्याआधी पुन्हा मोडायची, एवढाच तीन महिन्यांमागचा हिशेब आहे. त्यामुळे एखादी भेट पंधरा दिवसांनी पुढे गेली तर काही बिघडत नाही. सलग चार भेटी चुकल्या, म्हणजे त्या दोन जागांना निवांत वर्षभर मिळाले.

आपण दोन वेळा ब्रश करता, ते चालू ठेवावेच. परंतु हिरडीच्या कडेशी तिरका धरलेला चांगला ब्रशसुद्धा आत जेमतेम एखादा मिलिमीटर पोहोचतो. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश, योग्य जाडीचा असला तर, दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जातो. चूळ भरण्याचे औषध पॉकेटच्या तळाशी पोहोचत नाही. म्हणजे सहा मिलिमीटरच्या जागेतला खालचा अर्धा भाग घरच्या कोणत्याही साधनाच्या आवाक्याबाहेर आहे आणि यात आपल्या आळसाचा किंवा शिस्तीचा प्रश्नच येत नाही.

आपला खरा भरवसा दिसतो तो दुखत नाही आणि रक्त येत नाही, या दोन गोष्टींवर. दोन्हींचा अर्थ येथे वेगळा लागतो. हिरड्यांचा हा आजार बहुतेक काळ दुखतच नाही, कारण पॉकेट वरून उघडे असते, आत तयार होणारा स्राव बाहेर झिरपत राहतो आणि दाब साठत नाही. एखाद्या दिवशी ते तोंड बंद झाले, कीटणाचा तुकडा किंवा अन्नाचा कण अडकला, की मग गळू होते आणि दुखू लागते. पण तोवर हाडाचे नुकसान होऊन गेलेले असते. दात हलणे, पुढे येणे, दोन दातांत नवी फट पडून अन्न अडकणे, ही लक्षणेही उशिराचीच.

रक्ताचे मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या हिरडीतून प्रोब घातल्यावर वारंवार मोजूनही रक्त आले नाही, तर ती जागा स्थिर आहे असे आम्ही बऱ्याच विश्वासाने म्हणतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत हा विश्वास ठेवता येत नाही. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा आणि सूज दाखवण्याची तिची क्षमता, दोन्ही कमी होतात. हिरडी फिकट, घट्ट, वरवर निरोगी दिसते आणि आतले हाड मात्र झिजत राहते. आपल्या तोंडातला हा धोक्याचा दिवा सिगारेटीने मंद केलेला आहे. पुष्कळांना सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत ब्रश करताना रक्त दिसू लागते आणि ते घाबरतात; वस्तुतः हिरडी पुन्हा सूज दाखवू लागल्याची ती खूण असते. शिवाय घासताना येणारे रक्त हिरडीच्या कडेचे असते. पॉकेटच्या तळाशी काय चालले आहे, ते प्रोब घातल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या त्या दाढेत चौदा महिन्यांत कोणी प्रोब घातल्याचे आपल्या पत्रावरून दिसत नाही.

यावरूनच मी मधल्या सफाईकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काही चुकीचे केले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे आपले जुने आकडे नव्हते. आपण दात साफ करायला सांगितले, त्यांनी हिरडीच्या वरचे आणि कडेचे कीटण काढले, पॉलिश केले, आणि जे दिसत होते ते छान होते. अडचण अशी, की अशा वरवरच्या सफाईनंतर हिरडीची कड गुलाबी होते, दातावर घट्ट बसते, तोंडाचा वास कमी होतो, आणि खोल जागेतला आजार तसाच राहून बाहेरची चिन्हे तेवढी पुसली जातात. रुग्णाला बरे वाटते आणि पाहणाऱ्यालाही शंका येत नाही. त्या दिवशी आपल्या दातांभोवती सळई घालून कोणी आकडे म्हटले आणि कोणी ते लिहून घेतले का, हे आठवून पाहावे. तसे झाले नसेल, तर ‘सगळे छान आहे’ हे मत दिसणाऱ्या भागापुरतेच होते.

या प्रश्नावर स्वीडनमध्ये ॲक्सेलसन आणि लिंडे यांनी केलेला एक जुना अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि तो आपल्या परिस्थितीशी चांगलाच जुळतो. तीव्र आजार असलेल्या रुग्णांवर आधी सारखेच उपचार झाले. त्यानंतर एका गटाला पहिली दोन वर्षे दर दोन महिन्यांनी आणि पुढील चार वर्षे दर तीन महिन्यांनी देखभालीसाठी बोलावले. दुसऱ्या गटाला नेहमीच्या दंतवैद्यांकडे परत पाठवले. सहा वर्षांनी पाहिले, तेव्हा पहिल्या गटाने उपचाराने मिळवलेली स्थिती टिकवून धरली होती, तर दुसऱ्या गटात दातांचा आधार पुन्हा तुटत गेला होता. मूळ उपचार दोघांचे सारखेच होते, हे लक्षात घ्यावे.

पत्रातील ‘कायमचा बरा झालेला नाही’ हे वाक्य आपल्याला भीती घालणारे वाटले असेल. ते बरोबर आहे, जरी थोडे मऊ शब्दांत लिहिता आले असते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत शस्त्रक्रियेने थोडे भरून आणता येते, एरवी जेथे आजार थांबला ती नवी पातळी मानून पुढे चालावे लागते. शिवाय ज्याला हा आजार एकदा झाला, त्याच्या शरीराची जीवाणूंना प्रतिसाद देण्याची पद्धत उपचाराने बदलत नाही. म्हणून आताच्या वर्गीकरणातसुद्धा यशस्वी उपचारानंतर अशा रुग्णाला ‘स्थिर झालेला हिरड्यांचा रुग्ण’ असेच धरतात आणि त्याच्यावर आयुष्यभर नजर ठेवायला सांगतात.

भेटीची वेळ घेताना फोनवर एवढेच सांगावे : ‘माझ्या चार भेटी चुकल्या आहेत, मधे दुसरीकडे एकदा सफाई झाली आहे, मला सर्व दातांची पूर्ण मोजणी करून हवी आहे, त्यासाठी पुरेसा वेळ द्या.’ अशा भेटीला पाऊण तास ते तासभर लागतो. वेळ न सांगता गेलात, तर दोन रुग्णांच्या मधे आपल्याला घेतले जाईल आणि पुन्हा नुसती सफाईच होईल. मधल्या काळात एक्स-रे काढले असतील तर ते सोबत न्यावेत. मधुमेह निघाला असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले असेल, तर ते सुरुवातीलाच सांगावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तातील साखर वर्षभरात तपासली नसेल तर या निमित्ताने तपासावी, कारण अनियंत्रित मधुमेहात हिरडीचा आजार बळावतो आणि सफाईनंतर ती नीट भरूनही येत नाही.

मोजणी झाल्यावर जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून दाखवायला सांगावे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. प्रोबने केलेल्या मोजणीत एक मिलिमीटरचा फरक हात, कोन आणि दाब यांमुळेही पडतो, म्हणून ६ चे ७ झाले एवढ्यावरून हाड गेले असा निष्कर्ष कोणी काढू नये आणि आपणही हबकून जाऊ नये. दोन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढ झाली, तर ती खरी मानावी. दुसरे असे, की खोली हिरडीच्या कडेपासून मोजतात. हिरडीच मुळाकडे दोन मिलिमीटर सरकली असेल, तर खोली ६ चीच राहील आणि आधार मात्र दोन मिलिमीटरने कमी झालेला असेल. म्हणून खोलीबरोबर हिरडी किती सरकली, हेही विचारावे. एक्स-रे या बाबतीत मागे असतो, कारण हाडातील बराचसा खनिज भाग गेल्यावरच त्यात बदल दिसतो.

पुढे काय होईल, हे त्या आकड्यांवर ठरेल. समजा वरच्या दाढेत ६ आणि खालच्या दाढेत ५ असेच आकडे निघाले, पू नाही, दात हलत नाही. हे अगदी शक्य आहे, कारण हा आजार रोज थोडाथोडा न वाढता बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने वाढतो आणि काही जागा वर्षानुवर्षे स्वस्थ राहतात. तसे झाले, तर त्या दोन जागा आतून साफ करून जुने वेळापत्रक पुन्हा सुरू होईल. समजा वरच्या दाढेत ८ निघाले आणि प्रोब घालताच रक्त आले. मग त्या जागी भूल देऊन पुन्हा खोल सफाई होईल आणि साधारण दोन ते तीन महिन्यांनी फेरमोजणी होईल; लगेच पुढच्या आठवड्यात मोजण्यात अर्थ नसतो, कारण तंतूंना जुळायला वेळ द्यावा लागतो. त्यानंतरही सहा किंवा अधिक खोली राहिली आणि रक्त येत राहिले, तर हिरडी थोडी उचलून डोळ्यांनी पाहत मुळे आणि फाटा साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली जाईल. पहिल्याच भेटीत फेरमोजणीशिवाय शस्त्रक्रिया ठरवली गेली, तर त्याचे कारण जरूर विचारावे. फाटा आरपार उघडा पडला असेल आणि दाढ हलत असेल, तर ती टिकवण्याची खटपट कितपत सार्थ आहे, ही चर्चा करावी लागेल. पण अशी दाढसुद्धा चांगल्या देखभालीने अनेक वर्षे कामाची राहू शकते, म्हणून केवळ त्या एका कारणावरून ती काढण्याची घाई करू नये.

आपल्या मनात असेलच, की आता जन्मभर दर तीन महिन्यांनी जायचे का. तसे नाही. दोन भेटींतील अंतर रुग्णानुसार तीन महिने ते वर्षभर असू शकते. उरलेल्या खोल जागा किती, प्रोबने रक्त किती ठिकाणी येते, हाड वयाच्या मानाने किती गेले, सिगारेट आणि मधुमेह आहे की नाही, यांवर ते ठरते. दोन-तीन भेटींत आकडे हलले नाहीत, तर चार महिने, मग सहा महिने असे वाढवून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि आकडे स्थिर असूनही कोणी अंतर वाढवायला तयार नसेल, तर कारण विचारावे. आपल्या बाबतीत हे अंतर वाढायला सर्वांत मोठा अडसर त्या चार-पाच सिगारेटी आहेत. तीन महिन्यांना येणे जमणारच नसेल, तर तेही आताच सांगावे. चार महिन्यांचे जमणारे वेळापत्रक कागदावरच्या तीन महिन्यांपेक्षा चांगले.

बोलणी खाण्याच्या संकोचाविषयी सांगायचे, तर हिरड्यांच्या दवाखान्यात भेटी चुकवणारा रुग्ण हा अपवाद नसतो. दुखणे थांबले की बहुतेक जण येणे थांबवतात, आणि ज्यांना मुळात दुखतच नव्हते ते त्याहून लवकर थांबवतात. पत्र पाठवणाऱ्यांना हे ठाऊक असते. कोणी बोललेच, तर ‘का चुकल्या ते सांगतो, आधी मोजणी करू’ एवढे उत्तर पुरे. भेटी नेमक्या कशामुळे चुकल्या, हे मात्र प्रामाणिकपणे सांगावे. कामाची वेळ आड येत असेल तर वेळ बदलता येते, आणि सफाईच्या वेळी झोंबत होते म्हणून टाळले असेल तर दरवेळी भूल देता येते.

वेळ मिळेपर्यंत वरच्या उजव्या दाढेच्या मागच्या फटीत दिवसातून एकदा छोटा ब्रश फिरवावा. तो सैल जात असेल तर एक माप मोठा घ्यावा, जोर लावून घालावा लागत असेल तर लहान. त्या दरम्यान हिरडीवर फुगवटा आला, दाबल्यावर पू दिसला, किंवा चावताना ती दाढ उंच झाल्यासारखी लागू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. त्यासोबत ताप किंवा चेहऱ्याला सूज आली, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.